पार्श्वभूमी : घरच्या माणसांकडून अभिनय आणि संहिता देण्या-न देण्याचा वाद

घरच्यांना कॅमेऱ्यासमोर बसवण्याची पद्धत सिनेमाइतकीच जुनी आहे. 1895 मध्ये फ्रान्समध्ये चित्रित झालेल्या, एका मिनिटाहूनही छोट्या चित्रफितीत आई-वडील आपल्या तान्ह्या बाळाला भरवताना दिसतात. ते कुटुंब चित्रफीत बनवणाऱ्याच्या घरातलंच होतं. आपल्याकडे पहिल्या पूर्ण लांबीच्या मूकपटात, 1913 मध्ये, राजपुत्राची भूमिका दिग्दर्शकाच्या मुलाने केली. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती त्याच दिग्दर्शकाची मुलगी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ती कॅमेऱ्याकडे तोंड करून एकामागून एक भाव दाखवते, म्हणजे ही मुलगी अभिनय करू शकते याचा पुरावाच प्रेक्षकांपुढे ठेवलेला आहे. फ्रेंच चित्रफितीत माणसांच्या हाताला काम होतं, इथे चेहऱ्याला. आज घरी लघुपट करणाऱ्याला यांतली पहिली वाट जास्त उपयोगी पडते.

फिल्मच्या काळात मात्र माणूस कॅमेरा विसरून कामात रमेपर्यंत चित्रण चालू ठेवणं परवडत नव्हतं. सुपर आठ या हौशी कॅमेऱ्यांच्या फिल्मचं एक काडतूस 50 फुटांचं असे आणि सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने ते अडीच मिनिटांत संपे. अडीच मिनिटांत आजोबा कॅमेरा विसरतील, ही अपेक्षाच करता येत नाही. त्यामुळे आधी तालीम, मग 'ॲक्शन', मग ठरलेलं वाक्य हाच क्रम हौशी मंडळींनीही उचलला. 1995 नंतर डीव्ही कॅसेट आली आणि एका कॅसेटवर सलग तासभर चित्रण होऊ लागलं, तरी हा क्रम बदलला नाही.

2008 नंतर फोटोच्या कॅमेऱ्यांवर एचडी चित्रण सुरू झालं. लघुपटांना त्याने सिनेमासारखं रूप दिलं, पण घरच्या माणसांची त्यात अडचण झाली. मोठा सेन्सर, 50 मिलिमीटरची लेन्स आणि f/1.8 हे छिद्रमान, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं, धरलं, तर दोन मीटरवरच्या माणसाभोवतीचा पुढे-मागे जेमतेम 17 सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. आई कांदा घ्यायला पुढे वाकली की चेहरा धूसर. मग जमिनीवर चिकटपट्टी लावायची, 'इथून हलू नकोस' म्हणायचं, आणि पडद्यावर एक अवघडलेली बाई दिसायची. छिद्र लहान करून f/5.6 वर आणलं की हाच पट्टा अर्ध्या मीटरहून थोडा जास्त होतो, एवढ्यात माणूस मोकळा बसू शकतो. उजेड कमी पडला तर खिडकीजवळ बसवावं, छिद्रमान उघडू नये. फोनच्या छोट्या सेन्सरमुळे हा प्रश्न पुढे जवळपास उरला नाही. 2020 च्या टाळेबंदीत बाहेरचा नट बोलावणंच अशक्य झालं आणि घरोघरी आत्या, आजोबा, भावंडं भूमिका करू लागली. आज वापरात असलेल्या बऱ्याचशा युक्त्या तेव्हा रुळल्या.

मराठी घरात आणखी दोन जुन्या सवयी आडव्या येतात. पहिली रंगमंचाची. घरातल्या अनेकांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात एकदा तरी काम केलेलं असतं. तिथली शिकवण अशी की पाठ दाखवायची नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय आपण बोलायचं नाही. दुसरी लग्नाच्या व्हिडिओची. तो प्रखर दिवा अंगावर आला की घास हातात धरून थांबायचं आणि हसायचं. काका कॅमेऱ्यासमोर ताठ होतात ते या सवयींमुळे. 'नॅचरल कर' म्हटल्याने त्या जात नाहीत, उलट माणूस स्वतःकडे अधिकच बघू लागतो.

आता वादाचा मुद्दा, म्हणजे संहिता हातात द्यायची की नाही. याला दोन जुनी घराणी आहेत. एक फ्रेंच, 1950 च्या दशकातलं. त्यात नवख्या माणसाला वाक्य नेमकं द्यायचं आणि ते इतक्या वेळा म्हणून घ्यायचं की त्यातला सगळा आव झिजून जावा. दुसरं इराणी, साधारण 1980 नंतरचं. त्यात पानच दाखवायचं नाही. दिग्दर्शक स्वतः समोरच्या पात्राच्या जागी, बऱ्याचदा गाडीतल्या शेजारच्या आसनावर बसतो, प्रश्न विचारून उत्तरं काढतो आणि संकलनात आपल्या जागी दुसरा नट बसवतो.

पहिल्या घराण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की शब्द पक्के असले तर संकलन सोपं जातं आणि कथेतली माहिती निसटत नाही. हे खरं आहे. पण ही पद्धत परक्या माणसावर चालते. घरच्या माणसाला पाचव्यांदा तेच म्हणायला लावलं, की आपण चुकतोय अशी त्याची समजूत होते आणि तो मागच्या वेळच्या स्वतःचीच नक्कल करू लागतो. ते ऐकूनही कळतं, कारण वाक्याचा चढउतार प्रत्येक वेळी अगदी सारखा येतो आणि श्वास वाक्याच्या मध्ये न घेता आधी घेतला जातो. बहुतेकांच्या बाबतीत पहिले दोन-तीन टेकच कामाचे असतात. शिवाय पान वाचून पाठ केलेली मराठी लिहिल्यासारखीच बाहेर येते. 'मी तुला सांगितले होते' असं घरात कोणी बोलत नाही.

दुसरी पद्धतही जशीच्या तशी उचलली तर फसते. काहीच न सांगता बसवलेली आई दर वाक्यानंतर दिग्दर्शकाकडे बघते आणि 'आता काय बोलू?' विचारते. म्हणून घरासाठी मधला मार्ग धरावा. परिस्थिती पूर्ण सांगायची, वाक्यं द्यायची नाहीत, आणि ज्या एक-दोन वाक्यांवर कथा उभी आहे तेवढी त्या माणसाच्याच शब्दांत आधी मिळवून ठेवायची.

समजा प्रसंग असा आहे : मुलगा गावचं घर विकायचं ठरवून आलाय, आई स्वयंपाकघरात बसली आहे. कागदावर दहा-बारा वाक्यं आहेत. त्यांतली आवश्यक दोनच. आईने 'बाबांना विचारलंस का?' असं काहीतरी विचारायला हवं, आणि झोपाळा देणार नाही हे सांगायला हवं. चित्रणाच्या एक-दोन दिवस आधी गप्पांच्या ओघात आईला विचारावं, 'असं झालं आणि घर गेलंच, तर तू काय ठेवून घेशील? कसं सांगशील त्याला?' तिचं उत्तर शब्दशः टिपावं. ती 'झोपाळ्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते' म्हणाली, तर तेच संहितेतलं वाक्य. चित्रणाच्या दिवशी फक्त आठवण द्यायची : 'झोपाळ्याचं सांगायचं आहे, केव्हा ते तू ठरव.'

मग दोघांना वेगवेगळं सांगायचं. मुलाला सांगायचं की आईचा होकार घेतल्याशिवाय उठायचं नाही. आईला सांगायचं की शेजारणीकडून तुला कालच कळलंय, पण त्याला तसं दाखवू नकोस. एवढ्याने ती त्याच्याकडे बघायचं टाळते, प्रश्नाला उत्तर न देता 'चहा घेणार का?' म्हणते. 'दुःखी हो' म्हणून हे मिळत नाही.

हाताला काम द्यावं आणि ते खरंच संपवायचं असावं. लसूण सोलणं सोयीचं, कारण आवाज कमी आणि नजर खाली. दोन-तीन गड्डे पुरतात. मेथीची मोठी जुडी घेतली तर टेकागणिक ढिगाचा आकार बदलतो आणि तुकडे जोडताना तो उडी मारतो. म्हणून प्रत्येक टेकच्या आरंभी ताटलीत सोललेल्या पाकळ्या तितक्याच ठेवाव्यात आणि ताटलीचा फोटो काढून ठेवावा. कुकर आणि मिक्सर बंद. पंखाही बंद, त्याची घरघर नंतर नीट काढता येत नाही. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावतात, पण पदर घासला की खरखर येते. माइक ब्लाउजच्या काठाला आतून चिकटवावा आणि बांगड्या दोनच ठेवाव्यात.

फोन दोन-अडीच मीटर लांब, ट्रायपॉडवर, दुप्पट झूमच्या लेन्सवर ठेवावा. हाताच्या अंतरावर ठेवलेल्या रुंद लेन्सने नाक मोठं दिसतं आणि माणसाची नजर सारखी तिकडे जाते. फोनचा पडदा आईकडे नको. कॅमेरा सुरू केल्यावर 'ॲक्शन' म्हणू नये. दोन-तीन मिनिटं साध्या गप्पा चालू द्याव्यात आणि मुलाने त्यातूनच विषय काढावा. 'कट'चीही घाई नको. संपलं असं वाटल्यावरचे दहा-पंधरा सेकंद पुष्कळदा सगळ्यांत चांगले निघतात. फुल एचडीत मिनिटाला साधारण 60 ते 130 एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या टेकला फार तर 1.3 जीबी. एवढी जागा आधी मोकळी करून ठेवावी.

आई अडखळली तर थांबवू नये. समोरच्याने पात्रात राहूनच 'काय म्हणालीस?' विचारावं. दुसऱ्यांदा ती तेच जास्त सहज सांगते. बाहेरून सूचना दिली की ती पुन्हा दिग्दर्शकाची आई होते.

या पद्धतीची किंमत संकलनात मोजावी लागते. दीड मिनिटाच्या प्रसंगासाठी सात-आठ मिनिटांचं साहित्य तपासायचं असतं, आणि घरची माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, त्यामुळे एका माइकवर वाक्यं सुटी करता येत नाहीत. दोन फोन एकाच वेळी चालू ठेवले, एक आईवर आणि एक मुलावर, की ज्याचं ऐकायचं त्याचा आवाज घेता येतो. दोन्ही चित्रणं जुळवायला टाळी लागते. ती सुरुवातीला वाजवली तर सगळे सावध होतात, म्हणून टेकच्या शेवटी वाजवावी आणि संकलनात मागून पुढे जुळवत यावं.