इको रिपोर्टमधली "एरिया" आणि "ग्रेडियंट" : मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद असलेल्या तरुण पेशंटसाठी

(आमच्या इको सेंटरकडून. कॉलेजातली, नुकती नोकरीला लागलेली पोरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नका.)

पाखाडी चढताना दम लागतो, गणपतीत फुगडी घालायला गेलं की छाती धडधडते, म्हणून डॉक्टरांनी इको करायला पाठवलं आणि रिपोर्टवर आलं "रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस". आता घरचे विचारतात की लहानपणी ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते त्याचा हृदयाशी काय संबंध. संबंध आहे. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू आला की शरीर त्याच्याशी लढतं, पण काहीजणांत दोन-तीन आठवड्यांनी तीच लढाई सांध्यांवर आणि हृदयाच्या व्हॉल्व्हवर उलटते, सांधे बरे होतात आणि व्हॉल्व्ह मात्र हळूहळू जाड होत जातो, त्याच्या दोन पडद्यांच्या कडा एकमेकांना चिकटतात. हे व्हायला वर्षं जातात, म्हणून ताप आठवतच नाही असेही खूपजण येतात.

रिपोर्टवर पहिला आकडा बघ, MVA, तोच एरिया. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर भोक केवढं राहतं. नॉर्मल 4 ते 6 चौरस सेंटीमीटर. 1.5 किंवा कमी झालं की सिव्हियर म्हणतात, 1 किंवा कमी म्हणजे फारच अरुंद. हे आम्ही दोन तऱ्हेने काढतो. एकात स्क्रीनवर भोकाच्या कडेने रेघ ओढतो, आणि ती अगदी पडद्यांच्या टोकापाशीच ओढावी लागते, जरा वरच्या बाजूला ओढली तर भोक उगाच मोठं दिसतं. दुसऱ्यात व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक निम्म्यावर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजून 220 ला त्याने भागतो. दोन्ही उत्तरं जवळपास आली तर आकड्यावर भरवसा ठेवायचा.

दुसरा आकडा mean PG, तोच ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या कप्प्यात खालच्यापेक्षा सरासरी किती जास्त दाब आहे. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच, आणि हाच आकडा सगळ्यात जास्त नाचतो.

चाकरमान्यांच्या गर्दीत एसटीचं दार अर्धंच उघडतं असं समज. गाडी जरा वेळ थांबली तर माणसं निवांत चढतात, कंडक्टरने लगेच बेल मारली तर तेवढ्याच दारातून रेटारेटी. हृदयाचंही तसंच, ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला रक्त खाली उतरायचा वेळ कमी होतो, दार तेवढंच, मग मागचा दाब वाढतो आणि तो फुफ्फुसापर्यंत जातो. दम लागतो तो त्याने.

एक उदाहरण घे. 20 वर्षांची मुलगी, बस चुकेल म्हणून धावत आली आणि तशीच टेबलावर झोपली. ठोके 112, mean PG 15. बघून आईचा चेहराच उतरला. तिला बसवलं, पाणी दिलं, ठोके 74 वर आले तेव्हा परत मोजलं तर 8. एरिया दोन्ही वेळा 1.3 च, आणि वेळेवरून काढला तर 220/170 म्हणजे तेही साधारण 1.3. म्हणजे अर्ध्या तासात आजार वाढला नाही की कमी झाला नाही, ठोके बदलले. पण 8 आला म्हणून "मध्यमच आहे" असं समजून घरी बसायचं नाही हां, 1.3 एरिया सिव्हियरमध्येच मोडतो.

म्हणून रिपोर्टवर ग्रेडियंटशेजारी हार्ट रेट लिहिलेला आहे का ते आधी बघ. नसेल तर मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. ठोके अनियमित असतील तर एकाच ठोक्यावर मोजून चालत नाही, निदान पाच ठोक्यांची सरासरी घेतो, त्यामुळे तुला जरा जास्त वेळ झोपवलं तर घाबरू नको. ठोके कमी ठेवायची गोळी का देतात तेही आता कळलं असेल, ती भोक मोठं करत नाही, वेळ मिळवून देते. गरोदरपणात रक्त आणि ठोके दोन्ही वाढतात, एरिया तोच राहून दाब चढतो, म्हणून लग्न ठरलेल्या मुलींनी हे कार्डिऑलॉजिस्टना आधीच विचारावं, लाजू नये.

फुग्याने व्हॉल्व्ह उघडायचा की नाही हे आम्ही ठरवत नाही. ते पडदे किती जाड, कडक, कॅल्शियम किती, गळती किती, गुठळी आहे का आणि तुला त्रास किती यावरून कार्डिऑलॉजिस्ट ठरवतात. दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन मात्र बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नको, ते भोकासाठी नाही, पुन्हा तसा ताप येऊन व्हॉल्व्ह आणखी खराब होऊ नये यासाठी असतं.

येताना जुने सगळे रिपोर्ट आण, चालू गोळ्या नेहमीसारख्या घेऊन ये, आणि जमलं तर पंधरा-वीस मिनिटं आधी येऊन बाकावर बस.