टेम्प्लेटच्या पहिल्या खणात काय: ‘गोल १’पासून generate_lead पर्यंतचा प्रवास

पुण्यातल्या छोट्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीकडे कोथरूडचा दातांचा दवाखाना, लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान, भोसरीतला मशीनिंगचा कारखाना आणि ऑनलाइन फराळ विकणारं घरगुती युनिट असे ग्राहक एकाच वेळी असतात. दवाखान्याला फोन हवेत, कारखान्याला कोटेशनची विचारणा आणि फराळवाल्यांना ऑर्डर. तरीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना रिपोर्ट एकाच साच्यातून द्यावा लागतो, कारण प्रत्येकासाठी नवा बांधायला माणसंही नसतात आणि तेवढं मानधनही नसतं. हा साचा कसा घडत गेला, हे पाहिलं की आजचे टेम्प्लेट नेमके कुठे तुटतात ते कळतं.

सुरुवातीला साचा म्हणजे एक्सेलची फाइल. गेल्या महिन्याची कॉपी करायची, आकडे बदलायचे, तक्ते ओढून वाढवायचे. २००५च्या नोव्हेंबरात वेबसाइटवरच्या भेटी मोजणारं गुगल अ‍ॅनालिटिक्स आलं, मोफत आलं, आणि लहान ग्राहकांचे आकडेही मिळू लागले. २००९मध्ये त्यातल्या गोलांची, म्हणजे मोजायच्या ठरवलेल्या कृतींची, संख्या चारवरून वीसवर गेली. एजन्सींच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की प्रत्येक गोलाला क्रमांक होता. ज्यांनी ‘गोल १ म्हणजे ग्राहकाची मुख्य कृती’ हा नियम सगळ्या खात्यांत पाळला, त्यांचा साचा खरोखर फिरवता येत होता. दवाखान्याचा गोल १ अपॉइंटमेंटचा फॉर्म, कारखान्याचा गोल १ कोटेशनचा फॉर्म. तक्ता तोच, अर्थ त्या त्या खात्यात ठरलेला.

२०१६मध्ये रिपोर्ट बनवण्याचं गुगलचं साधन, डेटा स्टुडिओ, आलं आणि या शिस्तीचं खरं फळ मिळालं. रिपोर्टची कॉपी करून डेटा सोर्स बदलला की तक्ते नव्या ग्राहकाच्या आकड्यांनी भरत. फक्त डेटा सोर्सच्या आत तयार केलेलं सूत्र नव्या सोर्समध्ये नसलं, तर तो तक्ता बंद पडे. तक्त्यातच लिहिलेलं सूत्र मात्र कॉपीसोबत येई. त्यामुळे अनुभवी मंडळी सूत्रं तक्त्यातच ठेवू लागली.

मोठा धक्का जीए४चा, म्हणजे गुगलच्या याच साधनाच्या चौथ्या आवृत्तीचा. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३पासून साध्या खात्यांचे नवे आकडे घेणं थांबवलं, आणि क्रमांकाचे गोल संपले. जीए४मध्ये साइटवरची प्रत्येक कृती इव्हेंट म्हणून नोंदते, आणि फक्त इव्हेंटची नावं आहेत. मार्च २०२४मध्ये तिथल्या कन्व्हर्जनला, म्हणजे महत्त्वाच्या कृतीला, ‘की इव्हेंट’ म्हणायला सुरुवात झाली, पण अडचण तीच राहिली: पहिल्या खणात काय ठेवायचं? क्रमांकाची जागा आता नावाने घ्यायला हवी.

समजा, टेम्प्लेटमधला मुख्य तक्ता generate_lead या इव्हेंटवर गाळलेला आहे. भोसरीच्या कारखान्याच्या साइटवर फॉर्म भरल्यावर असे इव्हेंट पाठवणाऱ्या टॅग मॅनेजरमधून हाच इव्हेंट जातो, म्हणून तक्ता बरोबर दिसतो. दवाखान्याची साइट दुसऱ्या कुणी केली आहे आणि तिथे फक्त जीए४चा आपोआप येणारा form_submit आहे. मग तक्ता रिकामा राहतो किंवा शून्य दाखवतो, एररसुद्धा देत नाही, आणि डॉक्टरांना वाटतं की जाहिरात वाया गेली. घाईत गाळणी form_submit वर नेली, तर बातमीपत्राचा फॉर्मही अपॉइंटमेंटमध्ये मोजला जाऊ शकतो. माझ्या मते उपाय एकच: ग्राहक घेतला की टेम्प्लेटला हात लावण्याआधी त्याच्या साइटवर स्वतः एक फॉर्म भरायचा आणि जीए४च्या रिअलटाइममध्ये ठरलेलं नाव दिसतं का ते बघायचं.

दुसरी अडचण नोव्हेंबर २०२२मध्ये उभी राहिली. तेव्हा डेटा स्टुडिओ नुकताच लुकर स्टुडिओ झाला होता आणि त्यात जीए४चे आकडे मागवण्यावर कोटा लागू झाला. साध्या खात्याला एका वेळी १० विनंत्यांची मर्यादा. एका पानावर तक्त्यांची गर्दी असलेले देखणे टेम्प्लेट ग्राहकाने उघडताच अर्धे तक्ते कोट्याची एरर दाखवू लागले. तेव्हापासून पानं लहान झाली, आणि अनेकांनी आकडे रोज गुगल शीटमध्ये उतरवून रिपोर्ट शीटवरून चालवायला सुरुवात केली.

शीट आल्यामुळे वेगवेगळ्या जाहिरात प्लॅटफॉर्मच्या आकड्यांची बेरीज करण्याचा मोहही वाढला. मेटाच्या जाहिरातींत ऑर्डरचं श्रेय जाहिरातीला देण्याचं मूळ सेटिंग २०२१पासून क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतर १ दिवस असं आहे. नुसती जाहिरात पाहून गेलेला माणूस जीए४ला त्या जाहिरातीचा म्हणून दिसतच नाही. समजा फराळाच्या मेटा खात्यात ४० ऑर्डर, गुगल अ‍ॅड्समध्ये ३५ आणि दुकानाच्या पॅनेलमध्ये ५८ आहेत. ७५ हा आकडा कुठेच खरा नाही, कारण काही ऑर्डरवर दोघांनी हक्क सांगितला आहे. म्हणून साच्यात वरचा मोठा आकडा ग्राहकाच्या स्वतःच्या नोंदीतून घ्यायचा: फराळासाठी पॅनेलमधून, दवाखान्यासाठी रिसेप्शनवर ‘कुठून कळलं’ विचारून भरलेल्या शीटमधून. प्लॅटफॉर्मचे दावे त्याखाली, वेगवेगळ्या ओळींत, बेरजेविना.