ठरवलेले तास आणि गेलेले तास

१९९४ साली रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, की काम कधी पूर्ण होईल? अंदाजाची सरासरी ३४ दिवसांच्या आसपास आली. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. ‘सगळंच बिघडलं तर किती दिवस?’ या प्रश्नाचं उत्तरही सुमारे ४९ दिवस आलं होतं, म्हणजे सर्वांत वाईट अंदाजही कमीच पडला. डॅनियल कानेमन आणि एमस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या प्रवृत्तीला नाव दिलं होतं. मराठीत तिला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल.

हा भ्रम नुसत्या अनुभवाने जात नाही. आधीचं काम किती वेळ चाललं होतं, हेच आपल्याला नीट आठवत नाही. लक्षात राहतो तो मुख्य कामाचा वेळ. मधले फोन, फाइल शोधण्यात गेलेली मिनिटं आणि परत कामात शिरायला लागलेला वेळ स्मृतीतून गळून जातो. म्हणून ठरवलेले तास आणि गेलेले तास शेजारी शेजारी लिहून ठेवावे लागतात.

पानावर तीन रकाने पुरतात. डावीकडे आदल्या रात्री लिहिलेला बेत, मिनिटांसह. मधल्या रकान्यात प्रत्यक्ष घडलेलं आणि उजवीकडे कारण, दोन-तीन शब्दांत. मधल्या रकान्याचा नियम एकच: काम बदललं की त्याच क्षणी घड्याळातली वेळ आणि नव्या कामाचं नाव लिहायचं. काम संपल्याची वेळ वेगळी लिहावी लागत नाही, कारण पुढची नोंद सुरू होते तिथे आधीची संपते. त्यामुळे दिवसात मोकळी फट राहत नाही. पाच मिनिटांपर्यंतची अचूकता पुरे.

आता एक दिवस पाहू. सकाळी १० ते संध्याकाळी ६, म्हणजे ४८० मिनिटं. बेत असा: अहवालाचा मसुदा १२०, ईमेल ३०, जेवण ४५, बैठक ६०, आकडेवारी तपासणं ९०, आधीच्या अहवालातल्या दुरुस्त्या ९०, उद्याची तयारी ४५. बेरीज बरोबर ४८०. मधल्या रकान्यात मात्र हे उतरलं:

१०:०० ईमेल
१०:२५ मसुदा
११:१० फोन
११:२० मसुदा
१२:१० सहकाऱ्याची अडचण
१२:३५ जेवण
१:१५ बैठक
२:३५ ईमेल
२:५५ आकडेवारी
४:४० विश्रांती
४:५५ मसुदा (पूर्ण)
५:२५ ईमेल
५:४० दुरुस्त्या
६:०० बंद

संध्याकाळी या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, ‘मसुद्यानेच दिवस खाल्ला.’ वही वेगळं सांगते. मसुद्याला ४५, ५० आणि ३० मिळून १२५ मिनिटं लागली. अंदाज फक्त पाच मिनिटांनी चुकला. पण ते काम तीन तुकड्यांत, १०:२५ पासून ५:२५ पर्यंत पसरलं. सात तास डोक्यात घोळत राहिलेलं काम सात तासांचं वाटणारच.

मग वेळ गेला कुठे? ईमेल ३० ऐवजी ६० मिनिटं, बैठक ६० ऐवजी ८०, आकडेवारी ९० ऐवजी १०५. मसुद्याची पाच धरून ही वाढ ७० मिनिटांची. फोन, सहकारी आणि विश्रांती यांची ५० मिनिटं बेतात नव्हतीच. एकूण १२०. ती भरून निघाली दुरुस्त्यांच्या ७०, तयारीच्या सगळ्या ४५ आणि जेवणाच्या पाच मिनिटांतून. दिवसाच्या शेवटी ठेवलेलं काम नेहमी असंच बळी जातं, आणि लोक त्याला ‘आळस’ म्हणतात. दुरुस्त्यांचं काम सुरू व्हायलाच पाच-चाळीस झाले होते, हे वही पाहिल्याशिवाय दिसत नाही.

ही ७० आणि ५० मिनिटं वेगळी मोजणं हा या पद्धतीचा गाभा आहे. पहिली चूक अंदाजाची, दुसरी बेतात जागाच न ठेवल्याची. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. ईमेलला जास्त मिनिटं द्यायची, पण फोन आणि अडचणींसाठी काम न ठरवलेला कोरा वेळ ठेवायचा. दोन आठवड्यांच्या नोंदींत बेताबाहेरचा वेळ रोज ४० ते ७० मिनिटांदरम्यान येत असेल, तर आठ तासांच्या दिवशी सातच तासांचं काम ठरवावं. कोरा तास दिवसाच्या मध्यावर ठेवावा; शेवटी ठेवला तर त्याआधीची कामं ढकलली जातातच.

अंदाजाच्या चुकीसाठी प्रत्येक प्रकारच्या कामाचा गुणक काढायचा: लागलेला वेळ भागिले ठरवलेला वेळ. समजा, आकडेवारी तपासण्याच्या नऊ वेळांचे गुणक चढत्या क्रमाने १.०, १.१, १.१, १.२, १.३, १.३, १.४, १.५ आणि ३.० आले. सरासरी सुमारे १.४३ येते, कारण एका बिघडलेल्या दिवसाचे ३.० तिला वर ओढतात. मधोमध बसणारा १.३ हा मध्यक जास्त विश्वासाचा. रोजच्या बेतात ९० मिनिटांच्या जागी ११७, म्हणजे दोन तास धरावेत. पण कुणाला वेळ सांगायची असेल तर १.५ ने गुणावं, कारण मध्यकाने गुणलं तर या नऊपैकी तीन वेळा शब्द मोडला असता. आठ-दहा नोंदी होईपर्यंत गुणकावर विसंबू नये.

इथे एक चूक हमखास होते. अर्धवट राहिलेलं कामही गुणकात धरलं जातं. वरच्या दिवशी दुरुस्त्यांचे २० भागिले ९० केले तर ०.२२ येईल, जणू काम पाचव्या हिश्श्यात उरकलं! गुणकात पूर्ण झालेलीच कामं घ्यावीत. काम दोन-तीन दिवस चाललं, तर सगळ्या दिवसांची बेरीज करून मगच भागाकार करावा.

नोंद संध्याकाळी आठवून भरली असेल तर तीही ओळखता येते. सगळ्या वेळा पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या असतात, पंधरा मिनिटांहून लहान नोंद सापडत नाही आणि बेताबाहेरचं काम जवळजवळ नसतंच. असं पान हिशेबातून सरळ काढून टाकावं, कारण ते स्मृतीचंच चित्र आहे आणि स्मृतीवर विसंबायचं नाही म्हणूनच तर वही घातली. दुसरा दोष बेत दुपारी खोडून बदलण्याचा. मग दोन्ही रकाने जुळतात खरे, पण तुलना उरत नाही. बदल करायचाच असेल तर तो नव्या ओळीत, वेळ टाकून लिहावा.

पहिले दोन-तीन दिवसही गुणकात धरू नयेत. आपण वेळ मोजतोय याचं भान असताना माणूस जरा ताठ बसून काम करतो. कामांचे प्रकारही सहा ते आठच ठेवावेत. वीस केले तर कोणत्याच प्रकारात पुरेशा नोंदी साठत नाहीत, आणि प्रत्येक वेळी हे काम कशात मोडतं यावर अडल्यामुळे नोंद राहून जाते.

या वहीतून कामाचा दर्जा कळत नाही. ८० मिनिटांच्या बैठकीतून काही निघालं की नाही, हे तिच्यात नसतं. तीन आठवड्यांनंतर गुणक फारसे हलेनासे झाले की रोजची नोंद थांबवायला हरकत नाही. कामाचं स्वरूप बदललं, नवी जबाबदारी आली किंवा एकत्र काम करणारी माणसं बदलली, की जुने गुणक सोडून पुन्हा दोन आठवडे वही उघडावी.