उशिरा लागलेली वेतनवाढ : थकबाकीचा हिशेब कसा होतो, अर्ज कसा करावा

वेतनवाढ उशिरा मंजूर झाली की पगार त्या महिन्यापासून सुधारतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मागच्या महिन्यांचा फरक आपोआप येईल असा समज असतो. तो आपोआप येत नाही. त्यासाठी कार्यालयाला वेगळा फरक तक्ता करावा लागतो, वेगळे देयक कोषागारात पाठवावे लागते, आणि तक्ता चुकला तर रक्कम कमी मिळते किंवा जास्त मिळून पुढे वसुली लागते. इथे महाराष्ट्र शासनाच्या सातव्या वेतन आयोगातील कर्मचाऱ्याचा हिशेब घेतला आहे. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांमध्ये देयकाचा मार्ग थोडा वेगळा असतो, पण आकडेमोड हीच.

आधी पात्रता. वेतनवाढ उशिरा लागणे, पुढे ढकलली जाणे आणि रोखली जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. देय तारखेला सर्व अटी पूर्ण होत्या, पण सेवापुस्तक दुसऱ्या कार्यालयात अडकले, नोंद राहून गेली किंवा आदेश उशिरा निघाला, तर ती उशिरा लागलेली वेतनवाढ. तिची थकबाकी देय तारखेपासून मिळते. आवश्यक अर्हताकारी सेवाच पूर्ण नसेल, उदाहरणार्थ दीर्घ असाधारण रजेमुळे, तर वेतनवाढीची तारीखच पुढे जाते आणि मधल्या काळाची थकबाकी उद्भवत नाही. शिक्षा म्हणून रोखलेल्या वेतनवाढीचेही तसेच. ती शिक्षा अपिलात रद्द झाली तरच मागचा फरक मागता येतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आदेशातला ‘दिनांक ... पासून’ हा शब्दप्रयोग नीट वाचा. सगळा हिशेब त्या तारखेवर उभा आहे. आणखी एक बारीक गोष्ट: वेतनवाढीच्या दिवशी कर्मचारी रजेवर असेल, तर प्रत्यक्ष आर्थिक लाभ रजेवरून रुजू झाल्याच्या दिवसापासून धरतात.

आता एक प्रकरण घेऊ. नाशिक शहरातील एक वरिष्ठ लिपिक, वेतनस्तर एस-८ (२५५०० ते ८११००). जून २०२२ मध्ये मूळ वेतन २७९०० रुपये. त्याच सुमारास बदली झाली, अंतिम वेतन प्रमाणपत्रावर २७९०० आले, सेवापुस्तक मात्र मागे राहिले. १ जुलै २०२२ ची वेतनवाढ त्यामुळे कोणीच लावली नाही. नव्या कार्यालयाने १ जुलै २०२३ ला नेहमीप्रमाणे एक वेतनवाढ दिली आणि मूळ वेतन २८७०० केले. चूक लक्षात आल्यावर जानेवारी २०२४ मध्ये आदेश निघाला आणि त्या महिन्यापासून योग्य वेतन सुरू झाले. थकबाकीचा काळ म्हणजे जुलै २०२२ ते डिसेंबर २०२३, एकूण १८ महिने.

यात सर्वात जास्त चुकते ते इथे. ‘एक वेतनवाढ राहिली, म्हणजे फरक ८०० रुपये’ असे धरून १८ ने गुणले जाते. पण वेतन मॅट्रिक्समध्ये २७९०० नंतर २८७०० आणि त्यानंतर २९६०० आहे. जुलै २०२२ पासून वेतन २८७०० हवे होते, म्हणून जुलै २०२३ ची वेतनवाढ लागून ते २९६०० व्हायला हवे होते. मिळाले २८७००. पहिल्या वर्षी फरक ८००, दुसऱ्या वर्षी ९००. मागची एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकतात, आणि आदेशात फक्त पहिल्या वेतनवाढीचा उल्लेख असेल तर नंतरच्या वेतनाची सुधारित निश्चितीही त्यात नोंदवून घ्यावी लागते.

मूळ वेतनाच्या फरकावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता चढतो. महागाई भत्त्याचा दर जुलै २०२२ पासून ३८ टक्के, जानेवारी २०२३ पासून ४२ टक्के आणि जुलै २०२३ पासून ४६ टक्के होता. घरभाडे भत्ता नाशिकसारख्या वाय वर्गातील शहरात या संपूर्ण काळात १८ टक्के. वाहतूक भत्ता ठोक रकमेचा असतो आणि या प्रकरणात वेतनवाढीने बदलत नाही, म्हणून तो तक्त्यात येत नाही.

| कालावधी | देय मूळ वेतन | घेतलेले मूळ वेतन | मूळ वेतनातील फरक | महागाई भत्ता फरक | घरभाडे फरक | दरमहा फरक | ६ महिने |
|---|---|---|---|---|---|---|---|
| जुलै–डिसें. २०२२ | २८७०० | २७९०० | ८०० | ३०४ | १४४ | १२४८ | ७४८८ |
| जाने.–जून २०२३ | २८७०० | २७९०० | ८०० | ३३६ | १४४ | १२८० | ७६८० |
| जुलै–डिसें. २०२३ | २९६०० | २८७०० | ९०० | ४१४ | १६२ | १४७६ | ८८५६ |

एकूण २४०२४ रुपये. शेवटच्या महिन्याचा फरक १४७६ धरून सरळ १८ ने गुणले असते तर २६५६८ आले असते, म्हणजे २५४४ रुपये जास्त. नुसते ८०० गुणिले १८ केले असते तर १४४०० वरच समाधान मानावे लागले असते. महिनावार तक्ता का लागतो ते यावरून दिसते. कार्यालयात सादर करताना मात्र वरच्यासारखे गट करू नका. प्रत्येक महिन्याची वेगळी ओळ लिहा. एखाद्या महिन्यात विनावेतन दिवस असतील तर त्या ओळीत प्रमाण लावावे लागते. उदाहरणार्थ एप्रिल २०२३ मध्ये १० दिवस विनावेतन असते, तर मूळ वेतनाचा फरक ८०० ऐवजी २० दिवसांचा, म्हणजे ५३३ रुपये झाला असता.

दुसरी चूक ‘घेतलेली रक्कम’ या रकान्यात होते आणि ती सहज डोळ्याला दिसत नाही. राज्यात महागाई भत्त्याची वाढ बहुधा उशिरा जाहीर होते आणि मागचा फरक नंतर वेगळा मिळतो. ऑक्टोबर २०२२ ची पगारपत्रक पावती पाहिली तर त्यावर महागाई भत्ता ३४ टक्क्यांनी आहे, कारण ३८ टक्क्यांचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये आला. त्या पावतीवरचे आकडे जसेच्या तसे उचलले तर घेतलेली रक्कम अशी येते: मूळ वेतन २७९००, महागाई भत्ता ९४८६, घरभाडे ५०२२, एकूण ४२४०८. देय रक्कम २८७००, १०९०६ आणि ५१६६, एकूण ४४७७२. फरक २३६४. खरा फरक १२४८. मधले १११६ रुपये म्हणजे २७९०० वरचा ४ टक्के महागाई भत्ता, जो त्या कर्मचाऱ्याला आधीच फरकापोटी मिळून गेला आहे. तो पुन्हा काढला तर दुहेरी प्रदान होते आणि लेखापरीक्षणात नेमके हेच सापडते. सोपी खूण अशी: कोणत्याही महिन्यात महागाई भत्त्याचा फरक भागिले मूळ वेतनाचा फरक हे त्या महिन्याच्या दराएवढेच आले पाहिजे. ३०४ भागिले ८०० म्हणजे ०.३८. यापेक्षा मोठी संख्या आली की त्या ओळीत जुना फरक मिसळला आहे असे समजावे.

थकबाकीतून कपात किती होईल हेही आधीच पाहून ठेवा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्याचे अंशदान मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के असते. घरभाडे त्यात धरत नाहीत. या प्रकरणात ती बेरीज २१३२४ रुपये, म्हणून कपात सुमारे २१३२. शासनाचे १४ टक्के अंशदानही याच रकमेवर जमा व्हायला हवे. ते झाले की नाही हे बघणारे फार कमी असतात. खात्याचा उतारा काढून नक्की तपासा, कारण ही रक्कम हातात येत नाही आणि राहून गेली तर कळतही नाही.

अर्ज कार्यालय प्रमुखांच्या नावे, आस्थापना शाखेमार्फत करावा. त्यात वेतनवाढीची देय तारीख, ती न लागण्याचे कारण, आदेशाचा क्रमांक व दिनांक, थकबाकीचा काळ आणि एकूण रक्कम एवढे पुरे. सोबत वेतनवाढ मंजुरीचा आदेश किंवा वेतनवाढ प्रमाणपत्र, सेवापुस्तकातील संबंधित पानाची प्रत, त्या काळातील पगारपत्रकांच्या प्रती, महागाई भत्त्याच्या फरकाची देयके, रजा घेतली असल्यास रजेचे आदेश आणि महिनावार तक्ता जोडावा. बदली झालेली असेल तर जुन्या कार्यालयाकडून अंतिम वेतन प्रमाणपत्र घ्यावे, आणि थकबाकीचा काही काळ तिकडचा असेल तर ‘सदर रक्कम या कार्यालयातून काढलेली नाही’ असे प्रमाणपत्रही घ्यावे. हे शेवटचे प्रमाणपत्र मिळायलाच सर्वात जास्त वेळ जातो, म्हणून अर्जाच्याही आधी ते मागायला सुरुवात करावी. जादा प्रदान आढळल्यास रक्कम परत करण्याचे हमीपत्र बहुतेक कार्यालये घेतात.

पुढे आस्थापना लिपिक सेवापुस्तकात नोंद घेतात, सुधारित मूळ वेतन सेवार्थ प्रणालीत भरले जाते आणि आहरण व संवितरण अधिकारी थकबाकीचे देयक कोषागारात पाठवतात. ज्या महिन्यांचा फरक काढला, त्या मूळ देयकांच्या कार्यालयीन प्रतींवर तशी नोंद घेणे आवश्यक असते; तीच पुढे दुहेरी प्रदान टाळते. दावा जुना असेल तर वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि विलंबाचे कारण लेखी मागितले जाते.

विलंबाबद्दल एक गोष्ट स्पष्ट माहीत असावी. कमी वेतन दर महिन्याला मिळत राहणे ही सतत चालू असलेली चूक मानली जाते, त्यामुळे जुने प्रकरणही उचलता येते. पण सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात अशा दाव्यांची थकबाकी साधारणपणे याचिका दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. अर्ज देऊन उत्तर येत नसेल तर नुसती स्मरणपत्रे पाठवत वर्षे घालवू नयेत. निवेदनाची पोच जपून ठेवावी. सहा महिने उत्तर न आल्यास त्यानंतरच्या एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते.

राहिला आयकर. थकबाकी ज्या वर्षी मिळते त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. वरील रक्कम फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाली असेल तर ती सगळी २०२३-२४ च्या उत्पन्नात येते, जरी तिचा एक भाग २०२२-२३ चा असला तरी. त्यामुळे कर वाढला असेल तर त्या वर्षाला लागू असलेल्या आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८९ खाली सवलत आहे. तिच्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी आयकर संकेतस्थळावर फॉर्म १०-ई भरावा लागतो. तो न भरता सवलत दाखवली तर ती नाकारली जाते. कोणत्या वर्षाची किती थकबाकी हे त्या फॉर्ममध्ये वेगळे द्यावे लागते, आणि ते आकडे त्याच महिनावार तक्त्यातून मिळतात. म्हणून त्याची साक्षांकित प्रत स्वतःजवळ ठेवा.