गणितातल्या इंडक्शनच्या सिद्धतेत n = 1 तपासणं ही फक्त औपचारिकता?

“n = 1 तर उघडच असतं. k वरून k + 1 दाखवलं की झालं ना?”

नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पहिल्या वर्षाच्या पोरांमध्ये हा समज पक्का रुजलाय. हे विधान घ्या: 7ⁿ + 1 ला 6 ने निःशेष भाग जातो. 7ᵏ + 1 = 6m असं धरा. मग

7ᵏ⁺¹ + 1 = 7(7ᵏ + 1) − 6 = 42m − 6 = 6(7m − 1)

पायरी निर्दोष आहे, पण विधान साफ खोटं. n = 1 ला 8 येतात आणि बाकी 2 उरते. 7 ला 6 ने भागल्यावर बाकी 1, म्हणून 7ⁿ ची बाकीही 1. त्यात 1 मिळवला की कोणत्याही n ला 2 च उरणार. k ची पायरी एवढंच सांगते की एक खरं असेल तर पुढचं खरं. इथे पहिलंच खरं नाही.

बेरजेतही तेच. 1 + 2 + … + n = n(n + 1)/2 + 5 लिहून दोन्ही बाजूंना k + 1 मिळवा, पायरी बिनबोभाट जुळते; शेपटातला 5 तसाच पुढे सरकतो. n = 1 ठेवलं की डावीकडे 1, उजवीकडे 6.

विधान n ≥ 4 पासून असेल, तर तपासायचं 4 ला, सवयीने 1 ला नव्हे.