विसरायला लावणं वेगळं आणि कळूच न देणं वेगळं

माणसं एरवी, म्हणजे कोणी लक्ष ठेवून ऐकत नसताना, कशी बोलतात ते भाषेचा अभ्यास करताना आपल्याला हवं असतं, पण ते मिळवायचं तर लक्ष ठेवून ऐकावंच लागतं. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं या पेचाला ‘ऑब्झर्व्हर्स पॅरॅडॉक्स’ म्हटलं. त्यावरचे त्याचे दोन उपाय लोक सर्रास एकाच पोत्यात घालतात, एक म्हणजे मरणाच्या प्रसंगाचा प्रश्न आणि दुसरा डिपार्टमेंट स्टोअरचा सर्व्हे. मीही बरेच दिवस तेच करत होतो. पण पहिल्यात माणसाला माहीत असतं की आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय, फक्त तो ते थोडा वेळ विसरतो, आणि दुसऱ्यात त्याला मुळात माहीतच नसतं. त्यामुळे हाती येणारा डेटा अगदी वेगळा असतो.

आधी स्टोअर बघू. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये लबॉव्ह न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत गेला, महागडं सॅक्स, मधलं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर कुठली वस्तू मिळते ते आधीच बघून ठेवायचं आणि विक्रेत्याला तीच कुठेय म्हणून विचारायचं. उत्तर येणार, ‘फोर्थ फ्लोअर’. मग नीट ऐकू न आल्यासारखं ‘काय म्हणालात?’ करायचं की तो माणूस तेच जरा ठासून म्हणणार. न्यूयॉर्कमध्ये असा ‘र’ काही जण उच्चारत, काही जण गाळत, आणि लबॉव्हला तेच मोजायचं होतं. एवढ्याशा दोन शब्दांत ‘र’ला दोन जागा, एक व्यंजनाच्या आधी आणि एक शब्दाच्या शेवटी, आणि दोनदा म्हटलं की चार मोके. मग विक्रेत्याच्या नजरेआड जाऊन दुकान, मजला, अंदाजे वय, ‘र’ ऐकू आला की नाही, सगळं टिपून घ्यायचं. असे २६४ जण झाले. निदान काही वेळा तरी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये २०. आणि मला जास्त भारी वाटतं ते हे की ठासून सांगताना मेसीजवाल्यांचा शेवटचा ‘र’ चांगलाच वाढला, सॅक्समध्ये फरक थोडाच पडला.

पण यात काय मिळालं नाही ते बघा. टेप नाही, म्हणजे जे कानाला वाटलं तेच खरं धरायचं, दुसऱ्या कोणाला परत ऐकून तपासता येत नाही. वय अंदाजे. आणि हाच माणूस घरी मित्रांशी कसा बोलतो त्याचा तर पत्ताच नाही, कारण गिऱ्हाइकाला उत्तर देणं ही काही गप्पांची बोली नव्हे. निरीक्षण लपलं म्हणून बोलणं आपोआप सैल होत नाही, गोंधळ होतो तो नेमका इथेच.

आता मरणाच्या प्रसंगाच्या प्रश्नाची पद्धत. लांबलचक मुलाखत, समोर टेपरेकॉर्डर, आणि मध्येच प्रश्न येतो की ‘आता आपण मेलोच’ असं वाटलेला प्रसंग तुमच्यावर कधी आलाय का? माणूस ‘हो’ म्हणाला की अडकतो, कारण आता तो प्रसंग खरंच तितका भयंकर होता हे त्याला पटवून द्यावं लागतं, नाहीतर उगाच मोठेपणा केल्यासारखं दिसतं, आणि सांगता सांगता तो त्यात असा शिरतो की आपण कसे बोलतोय इकडे लक्षच राहत नाही. अर्थात प्रश्न सगळीकडे चालेलच असं नाही, इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाला तो फारसा लागू पडला नाही, तिथे त्यानं पोट धरून हसायला लावलेला प्रसंग विचारला.

आता या पद्धतीत हमखास होणारी चूक. मरणाचा किस्सा आहे ना, मग सगळा भाग ‘कॅज्युअल’ म्हणून टाका खात्यात! असं नाही चालत, काही लोक अपघातसुद्धा पोलिसाला जबाब दिल्यासारखा सांगतात. याच्या उलट चूक तर आणखी वाईट: इथे ‘र’ गळलाय म्हणजे हे कॅज्युअल, आणि मग निष्कर्ष काय तर कॅज्युअल बोलण्यात ‘र’ गळतो! हे गोल गोल फिरणं झालं. म्हणून लबॉव्हची अट दुहेरी होती, प्रसंग तसा हवा आणि आवाजातही खूण हवी, म्हणजे बोलण्याचा वेग बदलणं, आवाजाची पट्टी बदलणं, आवाज चढणं-उतरणं किंवा श्वासाची गती बदलणं, नाहीतर हसू फुटणं. साधं उदाहरण घ्या, बाई संथपणे शाळेबद्दल सांगतायत, मग नदीत बुडता बुडता वाचल्याचं निघतं, वेग वाढतो, मध्येच हसतात, तेवढाच तुकडा कॅज्युअल. पुढच्या प्रश्नाला परत संथ झाल्या की तिथे रेघ मारायची. हे तुकडे आधी आखून घ्यायचे आणि ‘र’ नंतर मोजायचे, दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की कान आपल्याला हवं तेच ऐकतो.

याचा फायदा असा की त्याच बाईंचं जपून बोलणं आणि सैल बोलणं शेजारी शेजारी ठेवता येतं, जे स्टोअरमध्ये कधीच जमत नाही. तोटा म्हणजे माणूस विसरतो तो थोडाच वेळ, आणि समोर बसलेला अनोळखी माणूस काही नाहीसा होत नाही. आणि मग टेप लपवूनच का ठेवू नये, असं कोणी ना कोणी विचारतंच. लबॉव्हचा त्याला तत्त्वतः विरोध होता आणि मला तो पूर्ण पटतो, दुकानात दोन शब्द ऐकणं वेगळं आणि कोणाच्या आयुष्यातली गोष्ट न सांगता टेपवर घेणं वेगळं.