शून्यबिंदू ऊर्जा आणि कॅसिमिर परिणाम

एखाद्या प्रणालीतून काढता येईल तेवढी सगळी ऊर्जा काढून घेतल्यावरही तिच्यात जी किमान ऊर्जा उरते, तिला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. सरल दोलकासाठी ती E = ½ħω इतकी असते. यात ω ही दोलकाची कोनीय कंप्रता आणि ħ हा २π ने भागलेला प्लांक स्थिरांक आहे.

अभिजात यामिकीतला दोलक मध्यबिंदूवर निश्चल राहू शकतो. पुंजयामिकीतला राहू शकत नाही. त्याला मध्याजवळ जितके कोंडावे तितका त्याचा संवेग अनिश्चित होतो आणि गतिज ऊर्जा वाढते. सैल सोडले तर स्थितिज ऊर्जा वाढते. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथे ½ħω हे मूल्य येते. द्रव हीलियममध्ये याचा पुरावा ठळक दिसतो: नेहमीच्या दाबाखाली ते कितीही थंड केले तरी गोठत नाही, कारण त्याच्या हलक्या अणूंचे हे उरलेले कंपन स्फटिकाची रचना टिकू देत नाही. ते गोठवायला सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो.

विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रात शक्य असलेला प्रत्येक तरंगप्रकार हाही गणिताच्या दृष्टीने एक दोलकच असतो. म्हणून प्रकाश नाही, उष्णता नाही अशा निर्वातातही प्रत्येक तरंगप्रकाराच्या खाती ½ħω जमा धरावी लागते. तरंगप्रकार अगणित असल्याने बेरीज अनंत येते. ही बेरीज थेट मोजता येत नाही, पण परिस्थिती बदलल्यावर तिच्यात पडणारा फरक मोजता येतो. १९४८ साली हॉलंडमधल्या फिलिप्स प्रयोगशाळेतील हेंड्रिक कॅसिमिर यांनी नेमका हाच फरक काढला.

त्यांनी दोन समांतर, आदर्श संवाहक पत्रे d अंतरावर आहेत असे मानले. पत्र्यांना लंब दिशेने फटीत तेच तरंग बसतात ज्यांच्या अर्ध्या तरंगलांबीची पूर्ण पट d इतकी होते. बाहेर असे बंधन नाही. अतिशय आखूड तरंगांना धातू पारदर्शकच असतो. त्यांच्या दृष्टीने पत्रे असले काय नि नसले काय, म्हणून अनंताला कारण होणारा भाग वजाबाकीत निघून जातो. उरते ती सांत आणि ऋण ऊर्जा, आणि d कमी होईल तशी ती आणखी घटते. म्हणून पत्रे एकमेकांकडे ओढले जातात. प्रत्येक एकक क्षेत्रफळावरचे हे बल असे:

P = π²ħc / 240d⁴

d एक मायक्रोमीटर असेल तर दाब सुमारे ०.००१३ पास्कल येतो. एक चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर हे बल साधारण १३ मायक्रोग्रॅम वजनाइतके भरते. अंतर दहा पटींनी कमी केले की सूत्राप्रमाणे दाब दहा हजार पटींनी वाढून सुमारे १३ पास्कल होतो. खरे सोने किंवा ॲल्युमिनियम आदर्श संवाहक नसल्याने इतक्या जवळ प्रत्यक्ष आकडा याहून कमी येतो.

मोजमापातली खरी डोकेदुखी स्थिरविद्युत बलाची आहे. एक मायक्रोमीटर अंतरावर केवळ १७ मिलिव्होल्टचा फरक कॅसिमिर बलाइतकेच आकर्षण निर्माण करतो, आणि दोन पत्रे तारेने जोडले तरी पृष्ठभागांच्या फरकामुळे एवढा विभवांतर सहज शिल्लक राहतो. त्यामुळे बाहेरून उलट व्होल्टता देऊन आकर्षण किमान होईल असा बिंदू आधी शोधतात. ओळखीची खूण म्हणजे अंतराशी असलेले नाते: समांतर पत्र्यांमधले विद्युत बल d² च्या व्यस्त प्रमाणात बदलते, आदर्श कॅसिमिर बल d⁴ च्या.

दुसरी अडचण समांतरतेची. एक सेंटिमीटरचा पत्रा एका रेडियनच्या दहा हजाराव्या भागाने कलला, तरी त्याचे एक टोक एक मायक्रोमीटरने सरकते, म्हणजे तिथली फट मिटलीच. १९५८ साली मार्कस स्पार्नाय यांनी सपाट पत्र्यांवर केलेल्या प्रयोगात त्रुटी जवळजवळ मोजलेल्या बलाएवढीच होती. भाकिताशी विसंगत काही आढळले नाही, इतकेच म्हणता आले. पुढे एका पत्र्याऐवजी गोलाकार पृष्ठभाग वापरल्यावर कलण्याचा प्रश्नच संपला. १९९७ मध्ये स्टीव्ह लामोरो यांनी पीळ-लोलकाने सुमारे ५ टक्क्यांच्या आत मेळ दाखवला. पुढच्याच वर्षी उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीला धातूचा लेप दिलेला सूक्ष्म गोल चिकटवून ही अचूकता सुमारे १ टक्क्यापर्यंत नेली.

या मेळामुळे निर्वातातील ऊर्जा स्वतंत्रपणे सिद्ध झाली, असे अनेकदा लिहिले जाते. ते जरा घाईचे आहे. हेच बल दोन्ही धातूंमधल्या चढउतार करणाऱ्या प्रभारांच्या परस्परक्रियेतूनही काढता येते. येव्गेनी लिफ्शिट्झ यांनी १९५० च्या दशकात खऱ्या पदार्थांसाठी मांडलेला सिद्धांत याच वाटेने जातो, आणि प्रयोगांशी तुलना करताना तोच वापरला जातो. कॅसिमिर यांच्या सूत्रात इलेक्ट्रॉनचा प्रभार दिसत नाही याचे कारण त्यांनी धातू आदर्श मानला, हे आहे. शिवाय या बलातून अखंड ऊर्जा मिळवता येत नाही: पत्रे जवळ येताना जेवढे कार्य होते, निदान तेवढेच ते पुन्हा दूर करायला खर्चावे लागते.